सहा ड्रायव्हर, पाच गाड्या

शाळेत असताना आत्याची गाडी मला सोडायला आली की मी फाटकाच्या अलीकडच्या वळणावर उतरत असे. गाडीला पिवळी नंबरप्लेट होती, आणि आमच्या इंग्रजी शाळेत बाकीच्या मुलींच्या गाड्यांना पांढरी. गाडी चालवणाऱ्या काकांनी पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःहूनच वळणावर थांबू लागले. आत्याकडे टॅक्सीच्या सहा गाड्या आहेत, हे मी पुढे कॉलेजातही कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटायचं.

गेल्या वर्षी माझी पदवी झाली. नोकरीसाठी केलेल्या अर्जांना उत्तरं येत नव्हती. कुडाळच्या आमच्या घरात मी पुस्तक समोर धरून न वाचता बसलेली असायची. जुलैत एका दुपारी आत्याचा फोन आला. ती कधी विचारत नाही, सांगते.

"तुझो लॅपटॉप घी आणि मालवणाक ये. चार दिवसांचा काम आसा."

ते चार दिवसांचं काम गणपतीच्याही पुढे चाललं.

आत्या एका सोसायटीत कारकून होती. नोकरी सोडून तिने एक जुनी गाडी घेतली, त्याला आता वीस वर्षं होत आली. तिला स्वतःला गाडी चालवता येत नाही. ती घराच्या पडवीत फोन घेऊन बसते. कुडाळ स्टेशनला पाहुणे सोडायचे असतील तर ती आधी स्टेशनवरून कोण येणार आहे ते शोधते, म्हणजे गाडी परत येताना रिकामी येत नाही. गोव्यात मोपाच्या विमानतळावर जाणारी गाडी तर ती परतीचं भाडं मिळेपर्यंत सोडतच नाही. पाहुणे मालवणातून वेंगुर्ल्याला निघाले तर दुपारी तिथून इकडे कोण येणार, हेही तिला ठाऊक असतं. हे सगळं कुठेही लिहिलेलं नसतं. पहिले दोन दिवस मी पडवीच्या कोपऱ्यात बसून नुसती बघत होते. एवढं एका डोक्यात कसं मावतं, याचं मला नवल वाटत होतं.

"मावता, पण डोक्यातला एकमेकांक भेटना नाय," ती म्हणाली. "म्हणान तुका बोलवलंय."

अडचण अशी होती. सहा गाड्यांपैकी तीन तिने एकाच वर्षी घेतल्या होत्या. त्या वर्षी हंगाम चांगला गेला होता, आणि एकदम तीन घेतल्या म्हणून दरही बरा मिळाला होता.

"तीन बैल एकाच वर्साचे घेतलंय. आता तिनाय एकदम म्हातारे होतले. तेवा मी काय करू?"

सर्वांत जुनी गाडी या तिन्हींच्याही आधीची होती. तिला आता दरवर्षी ओरोसच्या आरटीओत पासिंग करावं लागत होतं. आत्याला पुढच्या पाच वर्षांचं कागदावर हवं होतं: कुठली गाडी किती धावते, किती पेट्रोल पिते, दुरुस्तीला किती दिवस जातात, ड्रायव्हरांना काय द्यायचं, आणि कुठली गाडी कधी विकून तिच्या जागी दुसरी कधी घ्यायची. नवीन गाडीसाठी ती प्रत्येक किलोमीटरमागे थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत आली होती. त्यात सध्या एका गाडीपुरते पैसे होते.

प्रत्येक गाडीत एक वही असते. सहा वह्या माझ्यासमोर आल्या. आकडे मराठीत होते. काही ड्रायव्हरांचे पाच आणि सहा एकसारखे दिसत, त्यामुळे पहिल्या दिवशी मी एका गाडीला एकाच दुपारी गोव्याच्याही पलीकडे पोचवलं. आत्या ते बघून इतकी हसली की समोरच्या दुकानदाराने काय झालं म्हणून विचारलं.

या वह्यांमधून मला त्यांची एक रीत कळली. आत्याकडे गाडी आणि ड्रायव्हर यांची जोडी असते. ज्याची गाडी त्यानेच चालवायची, त्यानेच धुवायची, रात्री आपल्या घरी न्यायची. चावी त्याच्या घरी देवापाशी. दुसऱ्याने त्या सीटवर बसायचं नाही. मालकीण आत्या, पण कुणी "गाडी कोणाची?" म्हणून विचारलं की ड्रायव्हरचंच नाव पुढे येतं. त्यामुळे गाड्या नीट राहिल्या, असं आत्या म्हणते, आणि ते खरं आहे. पण या रीतीची दुसरी बाजूही होती: गाडी विकली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही, की त्या ड्रायव्हरचं कामही संपलं.

आणखी एक गोष्ट आत्या इतरांपेक्षा वेगळी करते. पावसात पर्यटक नसतात, होड्या बंद असतात, तेव्हा बरेच मालक ड्रायव्हरांना घरी बसवतात. आत्या बाराही महिने ठरलेला पगार देते. वर फेरीचा भत्ता, आणि रात्र बाहेर काढावी लागली तर वेगळा. मी विचारलं, पावसात काम नसताना कशाला? ती म्हणाली, "पावसात गोव्याक गेललो ड्रायव्हर दिवाळेक परत येना नाय. मगे हंगामात गाडी कोण चलवतलो, तू?"

आठवड्याभराने माझा तक्ता तयार झाला. सहा गाड्या, सहा ओळी. सर्वांत जुन्या गाडीची ओळ प्रत्येक रकान्यात तळाला होती. महिन्यातले सर्वांत कमी दिवस ती धावली होती. किलोमीटरमागे पेट्रोलचा खर्च तिचा सर्वांत जास्त. दुरुस्तीचे दिवसही तिचेच जास्त. ही गाडी चालवणारे म्हणजे मला शाळेत सोडणारे काका. आत्याच्या पहिल्या गाडीपासून ते तिच्याकडे होते; ते तिला वैनी म्हणत आणि ती त्यांना भाऊ. वय साठीच्या जवळ.

मी पडवीत आत्याला वाचून दाखवत होते. पडद्यावर बघून बोलायचं असलं की मला धीर येतो. मी म्हटलं, "ही गाडी विकावी. सध्या दुसरी घेऊ नये. एक ड्रायव्हर कमी होईल."

आत्या पायरीकडे बघत होती. मी वर पाहिलं. काका पायरीवर बसले होते. पासिंगचे कागद द्यायला आले होते, आणि कधी येऊन बसले ते मला कळलंच नव्हतं. मी लॅपटॉप अर्धवट मिटला.

काकांनी हातातले कागद पायरीवर ठेवले. मग म्हणाले, "बाय, ह्यात लिटर खंय आसत?"

"म्हणजे?"

"पेट्रोलाचे रुपये लिवलंस. लिटर किती गेले, तां खंय आसा?"

मी लिटर लिहिलेच नव्हते. बिलांवरचे रुपये बेरजेला सोपे होते.

"ते बाकीचे मोपाक जातत," ते म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "येताना गोव्यात टाकी फुल करून येतत. थंय पेट्रोल स्वस्त. माझी गाडी जुनी, म्हणान वैनी माका लांब धाडनत नाय. मी हंयच भरतंय. तेंचो रुपयो आणि माझो रुपयो सारखो कसो?"

आत्याने कपाळावर हात मारला. "आणि ह्यां माझ्या डोक्यात नाय इला! शिकलला चेडू एक फसला, न शिकलली आत्ये दुसरी फसली." मग माझ्याकडे वळून, "आता भाऊंच्याच गाडयेत बसान जा आणि बघ, लिटर कसो मोजतत तो."

मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गाडीत जाऊन बसले, मागच्या सीटवर.

काकांनी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली, आपोआप बंद होईपर्यंत, आणि मीटर शून्यावर आणला. त्या दिवशी आचऱ्याचं एक कुटुंब वेंगुर्ल्याला लग्नाची बोलणी करायला निघालं होतं. पाच माणसं, एक नारळांची पिशवी, आणि मी पुढे सरकून काकांच्या शेजारी. मी बोलत नाही हे काकांना माहीत होतं. त्यांनीही बडबड केली नाही.

गाडी चालवणं ही बघण्यासारखी गोष्ट असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. वळण दिसण्याच्या बऱ्याच आधी त्यांचा पाय वेगावरून उचललेला असे. ब्रेक जवळजवळ लागतच नसे. चढाच्या पायथ्याशी ते गिअर आधीच बदलत, गाडी कण्हायच्या आत. समोरून एसटी आली की ते अरुंद रस्त्यावर कुठे थांबायचं ते ठरवून तिथे जाऊन थांबत, तिला वाट देऊन परत निघत. मागे बसलेली म्हातारी परुळ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत झोपली होती. उतरताना म्हणाली, "पोचलो? माका वाटला अजून घराकडेच आसंव."

बोलणी तीन तास चालली. काकांनी गाडी सावलीत लावली, इंजिन बंद केलं, चारही दारं उघडी टाकली. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर एसी लावून आत झोपला होता. काकांनी त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं आणि म्हणाले, "तो झोपलो, पण तेचा पेट्रोल जागा आसा."

परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नळीने, पुन्हा काठोकाठ. किती लिटर मावले ते त्यांनी मला वहीत लिहायला लावलं, आणि किलोमीटरला त्याने भागायला सांगितलं. मग घरी जाऊन विहिरीच्या पाण्याची नळी त्यांनी गाडीच्या पोटाखाली धरली, चाकांच्या आत, दारांच्या खाली. वरून गाडी स्वच्छच होती. वाळूतून आणि खाऱ्या हवेतून आलेली गाडी वरून नाही, खालून धुवायची असते.

पुढचे पंधरा दिवस सहाही गाड्यांची टाकी फुल करून मोजणी केली. काकांची गाडी सहांत दुसरी आली, आणि पहिली गाडी वर्षभरापूर्वीच घेतलेली होती. मी आत्याला तो आकडा दाखवला तेव्हा मला झालेला आनंद लपवता आला नाही. तिच्या लक्षात आलं असावं, पण तिने तसं दाखवलं नाही. फक्त म्हणाली, "बरा झाला. आता मेस्त्रीक बोलव."

गॅरेजच्या मेस्त्रींनी गाडी वर उचलली आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन खालून ठोकत गेले. दाराखालच्या पट्टीवर तो आत गेला, कागदात जावा तसा. काका बाजूला उभे होते. त्यांनी ते आधीच पाहिलेलं असणार.

"इंजिन अजून दोन लाख धावात," मेस्त्री म्हणाले. "पण हंय वेल्डिंगवर वेल्डिंग आसा. आता वेल्डिंग धरूक पत्रोच रवलो नाय. ओरोसाक पासिंगाक ह्या घेवन जाव नको वैनी, आणि पास झाली तरी माणसा बसव नको."

किनाऱ्यावरच्या गाड्या इंजिनाने मरत नाहीत. एवढी निगा राखूनही खारी हवा जिंकलीच होती. म्हणजे माझा हिशेब चुकीचा होता, आणि निर्णय मात्र तोच राहिला: गाडी विकायची. आत्या नवीन गाडी घेऊ शकत होती. पण बाजूला टाकलेले पैसे आता संपवले, तर दोन-तीन वर्षांनी त्या तीन गाड्या एकदम म्हाताऱ्या होतील तेव्हा हात रिकामे राहतील. मी हे पाच वर्षांच्या तक्त्यात चार प्रकारे मांडून पाहिलं. चारही वेळा ते तिसऱ्या वर्षी कोसळत होतं. काकांना ठेवायचं तर गाडी हवी, आणि गाडी घेतली तर पुढे सगळ्यांचंच अडणार.

दोन दिवस तक्ता तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने माझा तक्ता स्वतःकडे वळवला.

"ह्यां काय? गाडी धावली तेवढे दिवस मोजलंस. उभी रवली ते दिवस कित्याक उभी रवली?"

वह्यांत कारण नव्हतं. त्या दिवसांचं पान नुसतं कोरं. मी म्हटलं, "काम नसेल."

"हंगामात? लिव."

मग तिने जे केलं ते मी विसरणार नाही. एकेका गाडीचा एकेक कोरा दिवस मी वाचायची आणि ती कारण सांगायची. मागच्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत. "तेदवा तेंच्या गावची जत्रा." "तेच्या सासऱ्याचा बारावा." "तेका ताप. तीन दिवस नाय, चार. चौथ्या दिवशी माका खोटा सांगान माशांक गेललो." "ती गाडी गॅरेजात. ब्रेक." कुठे अडली तर ड्रायव्हरला फोन लावायची, तोही हसत कबूल करायचा. मी तीन रंग केले: काम नाही, गाडी दुरुस्तीत, ड्रायव्हर नाही. दुपारपर्यंत पडद्यावर तिसरा रंगच जास्त दिसू लागला. गाडी ठीक, पाहुणे फोन करताहेत, आणि गाडी ड्रायव्हरच्या अंगणात उभी, कारण दुसऱ्या कुणी तिच्यात बसायचं नाही. ते पाहुणे आत्याने दुसऱ्या मालकांना दिले होते.

मी बाकीच्या पाच गाड्यांच्या त्या दिवसांची बेरीज केली. काकांची गाडी हंगामात जेवढे दिवस धावली होती, त्यापेक्षा ती थोडी जास्तच होती.

आत्याने पडद्यावरच्या बेरजेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्याकडे गाडी कमी नाय. माणूस कमी आसा."

वीस वर्षांची स्वतःचीच रीत तिने त्या एका वाक्यात मोडली. पाच गाड्या, सहा ड्रायव्हर. सहावा माणूस ज्या दिवशी जो नसेल त्याची गाडी चालवणार. मोपाहून उशिरा परतलेल्याला दुसऱ्या सकाळी पुरती झोप मिळेल, आणि गाडी तरी निघेल. नवीन गाडी एक वर्ष पुढे ढकलता येईल, आणि मग त्या तिन्हींपैकी एक लवकर विकून एक-एक वर्षाच्या अंतराने बदलता येतील. मी आकडे घातले. तिसरं वर्ष उभं राहिलं.

पण हे कागदावर. त्या संध्याकाळी सहाही ड्रायव्हर पडवीत आले. आत्याने त्यांना बेत सांगितला. मग सर्वांत तरुण ड्रायव्हर बोलला. त्याच्या गाडीत निळे दिवे आणि पुढे तीन देव आहेत.

"वैनीनू, बायल मागा, देतंय. गाडी नाय."

"तुझी बायल माका नको. ती बरी बाई आसा, तुका संभाळता ती," आत्या म्हणाली. सगळे हसले. तोही हसला, पण चावी खिशात घट्ट धरून.

दुसरा म्हणाला, सीट मागेपुढे होईल. तिसरा म्हणाला, ओरखडा पडला तर कुणाच्या नावावर? आत्या प्रत्येकाला उत्तर देत होती: गाडी घेताना आणि देताना दोघांनी मिळून बघायची, वहीत लिहायचं. सगळे काकांकडे बघत होते. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं.

काका उठले. "वैनी, मी माझ्या गाडयेक कोणाक हात लावूक देवक नाय. आता मी खंयच्या तोंडान दुसऱ्याच्या गाडयेक हात लावू?"

ते पायऱ्या उतरून गेले; आत्याने त्यांना थांबवलं नाही. मला तिचा तेव्हा राग आला. ती नंतर म्हणाली, "तेंका मी सांगान उपयोग नाय. मी चावी दिली तर ती भीक होता. ज्येची गाडी तेनाच देवक व्हयी."

गाडी ऑगस्टमध्ये विकली. तळेऱ्याचा एक माणूस घ्यायला आला. त्याला माणसं वाहायची नव्हती, आपल्या बागेतून आंब्याच्या पेट्या मुख्य रस्त्यापर्यंत आणायला ती हवी होती. काकांनी सकाळी ती आतून-बाहेरून धुतली होती. मग त्या माणसाला त्यांनी एकेक दोष दाखवत नेलं: इथे पत्रा गेला आहे, तिसरा गिअर थंड असताना अडतो, पावसात डावीकडून पाणी येतं. माणूस ऐकत गेला आणि भाव खाली आणत गेला. आत्या दारात उभी राहून स्वतःचं नुकसान ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसत होतं. सौदा झाला. काका एसटीने घरी गेले. आत्याने त्यांचा पगार चालू ठेवला, पण ते कामावर आले नाहीत, आणि महिनाअखेर पैसे घ्यायलाही आले नाहीत.

मी तक्त्यात त्यांची ओळ तशीच ठेवली होती. तिचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मग चतुर्थी आली. मुंबईहून येणारी माणसं महिनाभर आधीच गाड्या सांगून ठेवतात. आमच्याकडच्या ड्रायव्हरांच्या घरीही त्याच दिवशी गणपती. दर वर्षी हाच घोळ. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी तरुण ड्रायव्हर पडवीत आला. उद्या सकाळी कुडाळला येणारी मुंबईची रेल्वे काही तास उशिरा सुटणार होती; तिच्यातून येणारं कुटुंब त्याला आचऱ्याला न्यायचं होतं. सकाळचं ते काम आता दुपारवर जात होतं. आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या घरी मूर्ती पाटावर ठेवण्याचा मान त्याचा.

"वैनीनू, बाबा गेल्यापासून मीच ठेवतंय. दुसरो कोण नाय."

"मगे जा."

"आणि गाडी?"

आत्याने मान वर न करता सुपारी कातरली. "गाडी तुझी. माका काय इचारतंस?"

तो पायरीवर बसला आणि चावी बोटात फिरवू लागला. मग उठला आणि मला म्हणाला, "बाय, त्या पाहुण्यांचो कागद घी आणि चल माझ्यावांगडा."

काकांच्या घरी आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात नारळ सोलत होते. त्यांचा गणपती मूळ घरी, थोरल्या भावाकडे बसतो. आरतीला संध्याकाळी पोचलं तरी चालतं. तरुण ड्रायव्हरने चावी काढली आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे केली.

"काकानू, उद्या माझी गाडी काढशात?"

काका नारळ सोलत राहिले. "तू क्लचार पाय ठेवन गाडी चलवतंस. माका म्हायत आसा. वास येता."

"ठेवनंय नाय!"

"आणि ते दिवे. रात्री समोरच्याक वाटता लग्नाचो मंडप येता."

"दिवे काढतंय. फकस्त उद्या घेवा. माझ्या घराकडे गणपती आसा हो काकानू."

काकांनी हात कमरेच्या टॉवेलला पुसले. चावी घेतली नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चारही टायर बघितले, मग मला म्हणाले, "बाय, वहीत लिव. मागच्या दारार जुनो ओरखडो. नायतर उद्या माझ्या नावार येतलो." मी लिहिलं. मग त्यांनी चावी घेतली.

दुसऱ्या दिवशी ते कुटुंब आचऱ्याला पोचलं, आणि काका परत येताना एक भाडं घेऊन आले. गाडी देताना त्यांनी तरुण ड्रायव्हरला सांगितलं की साठच्या वर डावं पुढचं चाक घुमतं. तो खवळला. आपली गाडी, आपल्याला कळणार नाही? दोन दिवस त्याने ते मनाशी धरलं, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने मेस्त्रींकडे गेला. चाकाचं बेअरिंग निघालं. मुंबईची माणसं परत सोडायची गर्दी पुढे होती. ते वाटेत गेलं असतं, तर गाडी घाटात उभी राहिली असती.

त्यानंतर बाकीच्या चौघांपैकी दोघांनी स्वतःहून चावी दिली. तिसऱ्याने सुट्टी नसतानाही दिली: गाडी एक दिवस चालवून आवाज ऐकून सांगा म्हणून. चौथा अजून देत नाही.

महिन्याच्या शेवटी आत्याने मला तक्ता उघडायला सांगितला आणि काकांचा नवा पगार सांगितला. तो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होता. तरुण ड्रायव्हर तिथेच होता.

"तेंका जास्त कित्याक?"

"तू पाच गाड्यो चलव, पाचांचेय आजार वळख, तुकाय देतंय."

त्याने डोकं खाजवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लिव लिव."

मी पगार लिहिला. गाडीच्या रकान्यात जुन्या गाडीचा नंबर होता. तो पुसला आणि रकाना रिकामा राहिला, म्हणून मी आत्याकडे पाहिलं. तिने चष्मा वर केला.

"रिकामा ठेव नको," ती म्हणाली. "पाचांचेय नंबर घाल."

रकाना लहान होता. मी तो रुंद केला आणि पाचही नंबर एकाखाली एक घातले.